कंबरेपर्यंतच्या दाट केसांना एकसारखा रंग : आधी मधला भाग, मग मुळं, शेवटी टोकं

जुळे सोलापुरात माझं लेडीज पार्लर आहे. घरी रंग लावून बिघडलेले केस घेऊन ज्या बायका येतात, त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणींचे केस लांब आणि दाट असतात. रंग चांगल्या कंपनीचा असतो, डब्यावरच्या सूचनाही पाळलेल्या असतात. तरी डोक्यावर तांबूस पट्टा येतो, मध्ये काळ्या चट्ट्या राहतात आणि टोकं कोळशासारखी होतात. बहुतेक वेळा चूक रंगात नसते. केसांचे भाग कसे पाडले आणि ब्रश आधी कुठे फिरवला, तिथे चुकलेलं असतं.

खांद्यापर्यंतच्या विरळ केसांना मुळापासून टोकापर्यंत एका दमात रंग फासला तरी बरा दिसतो. कंबरेपर्यंतच्या केसांचं तसं नसतं. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो. म्हणजे ७० सेंटीमीटर लांब केसाचं टोक जवळजवळ पाच वर्षांपूर्वी उगवलेलं असतं. पाच वर्षांचं ऊन, विंचरणं, बोअरचं जड पाणी सगळं त्याने सोसलेलं असतं. त्याचा वरचा थर उघडा पडलेला असतो, म्हणून ते रंग पटकन आणि जास्त शोषतं. मुळाजवळचा दीड-दोन सेंटीमीटरचा भाग डोक्याच्या उबेला असतो आणि उबेने रंगाचं काम भराभर होतं. मधला लांबलचक भाग थंडही असतो आणि धडधाकटही, त्यामुळे त्याला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. एकाच केसाचे तीन भाग तीन वेगांनी रंगतात, हे कळलं की क्रम आपोआप ठरतो. हळू रंगणाऱ्याला आधी, वेगाने रंगणाऱ्याला नंतर.

एक फरक मात्र आधीच सांगते. हा क्रम काळ्या केसांना ब्राऊन, बरगंडी असा मूळ रंगापेक्षा उजळ रंग देताना लागतो. काळ्यावर काळाच लावायचा असेल आणि फक्त पांढरे झाकायचे असतील, तर मुळं उजळून तांबूस होण्याचा प्रश्न येत नाही. तेव्हा मुळांपासून सुरुवात केली तरी चालते. टोकं शेवटी हा नियम मात्र तिथेही लागू आहे.

आदल्या दिवसांची तयारी

गेल्या वर्षी जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या आधी माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या केसांना पहिल्यांदा रंग लावला. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. केस कंबरेपर्यंत, वेणी मनगटाएवढी जाड. भांगात आणि दोन्ही कानशिलांवर पांढरे केस, बाकी काळेभोर. त्यांना ४ नंबरचा ब्राऊन हवा होता. तेच उदाहरण शेवटपर्यंत घेते, म्हणजे वेळ आणि मापं नीट कळतील.

पहिला प्रश्न मी मेंदीचा विचारला. "काळी मेंदी कधी लावली होतीस का, अक्का?" बाजारातल्या काही काळ्या मेंद्यांत धातूंचे क्षार असतात. त्यांच्यावर पेरॉक्साइडवाला रंग पडला की केस गरम होऊन तुटू शकतात. अशी मेंदी लावलेली असेल, तर विंचरताना गळालेल्या केसांची छोटी बट घेऊन तिच्यावर रंग करून बघायचा. बट गरम झाली, हिरवट पडली किंवा चिकट झाली तर रंग लावायचाच नाही. अक्कांनी कधीच लावलेली नव्हती. मग दोन दिवस आधी डब्यावर लिहिल्याप्रमाणे कानामागे थेंबभर रंग लावून ४८ तास वाट पाहिली. खाज, लाली, पुरळ काही आलं नाही. दर वेळी ही चाचणी करायचीच, कारण आजवर सोसलेला रंग पुढच्या वेळी सोसेलच असं नसतं. हातावर काळ्या मेंदीचं टॅटू काढून ज्यांना कधी फोड आलेत, त्यांनी डाय लावूच नये.

केस आदल्या दिवशी शाम्पूने धुऊन घेतले, कंडिशनर नाही, तेल नाही. आपल्याकडे डोक्याला रोज खोबरेल लावायची सवय असते, अक्कांनाही आहे. दोन दिवस ती थांबवायला लावली. तेलाचा थर असेल तर दाट केसांच्या आतल्या भागात रंग धरत नाही. केस पूर्ण कोरडे हवेत. ओल्या दाट केसांवर रंग पातळ होतो, आणि कुठे लागला नि कुठे नाही हेही दिसत नाही.

रंग लावायचा दिवस नळाला पाणी यायच्या दिवशीच ठेवा. सोलापुरात पाणी रोज येत नाही, आणि कंबरेपर्यंतचे दाट केस नीट धुवायला मोठ्या तीन बादल्या तरी लागतात. पाणी संपत आलं म्हणून अर्धवट धुतलेला रंग मानेजवळच्या दाट केसांत अडकून राहतो.

सहा भाग

आधी गुंता काढायचा, टोकांकडून वर येत. मग टेल कोंबच्या, म्हणजे शेपटीवाल्या कंगव्याच्या टोकाने कपाळापासून मानेपर्यंत सरळ मधला भांग पाडायचा. दुसरा भांग एका कानाच्या वरच्या टोकापासून टाळूवरून दुसऱ्या कानापर्यंत. झाले चार भाग, दोन पुढचे आणि दोन मागचे. साधारण केसांना एवढं पुरतं.

दाट केसांत मागचे दोन भाग फार जाड होतात. मुठीत धरून पिळ दिला आणि क्लिपमध्ये मावला नाही, तर त्याचे आणखी दोन करायचे. डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या जरा वर एक हाडाचा उंचवटा हाताला लागतो. त्याच्या रेषेत आडवा भांग पाडला की मागचा खालचा आणि मागचा वरचा असे भाग वेगळे होतात. अक्कांच्या केसांचे असे सहा भाग झाले. प्रत्येक भाग सैल पिळून मोठ्या क्लिपने बसवायचा. क्लिप प्लॅस्टिकच्या घ्या, लोखंडी नको. भांगाच्या रेषा वाकड्या गेल्या तर परत पाडा. पुढे हात रंगाने माखलेले असताना कोणता केस कुठल्या भागातला हे शोधत बसावं लागतं, आणि तिथेच चट्ट्या सुटतात.

आता खरं काम येतं, थराचं. भागातून एका वेळी घ्यायची बट किती जाड? माझी खूण अशी : थर दोन बोटांत ताणून धरला आणि मागे तळहात ठेवला, तर केसांतून तळहात दिसला पाहिजे. अंदाजे अर्धा सेंटीमीटर. अक्कांच्या डोक्यामागे मध्यभागी त्याहूनही बारीक घ्यावा लागला. घाईत लोक एक-दीड सेंटीमीटरचे थर घेतात, वरून दोनदा ब्रश फिरवतात आणि पुढे जातात. वरचा केस भिजतो, आतला कोरडाच राहतो. मोकळ्या केसांत ते दिसत नाही. वेणी घातली की पेडापेडात काळे पट्टे बाहेर येतात.

किती रंग, किती वाट्या

६० ग्रॅमच्या ट्यूबचा रंग आणि तेवढंच ६ टक्के पेरॉक्साइडचं डेव्हलपर, ज्याला २० व्हॉल्यूम म्हणतात, असं अक्कांच्या रंगाचं प्रमाण होतं. काही कंपन्यांचं प्रमाण दीडपट असतं, ते डब्यावर बघून घ्या. खांद्यापर्यंतच्या केसांना एक-दीड ट्यूब पुरते. अक्कांसाठी मी चार आणल्या, साडेतीन लागल्या. रंग कमी पडेल या भीतीने हात आखडला की दाट केसांत रंग बसत नाही. थर भिजून चमकला पाहिजे.

पण चारही ट्यूबा एकदम कालवू नका. कालवल्यापासून रंगाचं काम वाटीतच सुरू होतं. पाऊण तासाने त्याच वाटीतला रंग मुळांना लावला तर पांढरे केस नीट झाकले जात नाहीत. मी पहिली वाटी दोन ट्यूबांची केली, फक्त मधल्या भागासाठी. दुसरी मुळांना हात घालायच्या क्षणी कालवली. वाटी प्लॅस्टिकची, आणि माप स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्यावर. अंदाजाने डेव्हलपर जास्त पडलं तर रंग पातळ होऊन गळतो आणि मुळांत उतरतो. सगळा क्रम तिथेच मोडतो.

लावण्याचा क्रम

अकरा वाजता सुरुवात केली. कपाळाच्या कडेला, कानांवर आणि मानेला व्हॅसलीन, खांद्यावर आपला जुना सोलापुरी टॉवेल. टोकांचे शेवटचे चार-पाच इंच आधीच पाण्याच्या स्प्रेने ओलसर करून थोडं कंडिशनर लावलं. ओल्या टोकांवर चुकून रंग लागला तरी तो पातळ पडतो.

एवढ्या केसांना एका हाताने लावायला पाऊण तास लागतो. पहिला थर शेवटच्या थराच्या पाऊण तास पुढे जातो. म्हणून दोन जणी हव्यात. डाव्या बाजूला मी, उजव्या बाजूला अक्कांची लेक. दोघींनी एकाच वेळी मागच्या खालच्या भागातून, मानेकडून सुरुवात केली. मान ही डोक्याची थंड बाजू, आणि खालून वर गेलं की रंगवलेला थर खाली पडून राहतो आणि वरचा कोरडा थर मोकळा हाताला येतो.

प्रत्येक थराला मुळाजवळ एक आडवं बोट सोडायचं, म्हणजे दीड-दोन सेंटीमीटर, आणि टोकाजवळचा ओलसर भाग सोडायचा. मधल्या भागाला वरून ब्रश, मग थर उलटा करून खालून ब्रश. मग हातमोज्यातल्या बोटांनी वरून खाली तीन-चार वेळा दाबत उतरायचं, आंब्याचा रस काढताना दाबतो तसं. ब्रशने रंग केसावर ठेवला जातो, आत शिरवायला बोटंच लागतात. मी हे शिकवताना मुलींना सांगते, थर सोडण्याआधी तो उजेडात धरा. कुठे काळी कोरडी रेघ दिसली तर तिथेच बोटं परत फिरवा, नंतर ती जागा सापडणार नाही.

खालचा भाग झाला की मागचा वरचा, मग पुढचे दोन. साडेअकराला पाच कमी असताना मधला भाग संपला.

लगेच दुसरी वाटी कालवली. मुळांचा क्रम उलटा, आता पुढून मागे. अक्कांचे पांढरे केस भांगात आणि कानशिलांवर होते. पांढरा केस रंग लवकर धरत नाही, म्हणून त्याला सगळ्यांत जास्त वेळ मिळायला हवा. भांगापासून कानाकडे उतरत अर्ध्या सेंटीमीटरच्या रेषा पाडायच्या, ब्रशचं टोक तिरकं धरून मुळावर रंग ठेवायचा आणि रंगवलेला थर दुसऱ्या बाजूला टाकायचा. ब्रश घासायचा नाही, ठेवायचा. घासला की रंग डोक्याच्या कातडीवर जातो, केसावर राहत नाही. पुढचं झालं की मागचा वरचा भाग, शेवटी मान. कपाळाच्या कडेची काळी लव अगदी शेवटी, ती इतकी बारीक असते की पाच-सात मिनिटं जास्त राहिली तरी वेगळी दिसते. अकरा चाळीसला मुळं संपली.

आता उलटतपासणी. जिथे आडव्या रेषा घेतल्या होत्या तिथे उभ्या पाडून बघायच्या. मागच्या वरच्या भागात आम्हाला दोन कोरड्या जागा सापडल्या. जिथे डाव्या आणि उजव्या हाताचं काम मिळतं, त्या मधल्या भांगाच्या दोन्ही बाजू नक्की बघा. दोघींनाही वाटतं ते केस दुसरीने घेतले.

अक्कांच्या डब्यावर शेवटचा ब्रश फिरल्यापासून ३० मिनिटं ठेवायला सांगितलं होतं. अकरा पंचावन्नला, म्हणजे शेवटची पंधरा मिनिटं राहिली तेव्हा, टोकं हातात घेतली. वाटीतला उरलेला रंग आणि मोठ्या दातांच्या कंगव्याने मधल्या भागातून खाली ओढून आणलेला रंग, एवढंच टोकांना. केस सैलसर वर गोळा करून प्लॅस्टिकची टोपी घातली. घट्ट अंबाडा बांधू नका. त्यात मधले केस दाबले जाऊन रंग पुसला जातो आणि टाळूवर ऊब साठते.

बारा दहाला धुतलं. हिशेब बघा : पुढच्या पांढऱ्या मुळांना पाऊण तास मिळाला, मानेच्या मुळांना अर्धा तास, टोकांना पाव तास. मधल्या भागात मानेजवळच्या पहिल्या थराला ७० मिनिटं आणि पुढच्या शेवटच्या थराला ४५. हा २५ मिनिटांचा फरक गडद ब्राऊनमध्ये दिसला नाही, कारण साधारण पाऊण तासानंतर रंगाचा जोर जवळजवळ संपलेला असतो. उजळ रंगात तो दिसला असता. म्हणून कंबरेपर्यंतच्या दाट केसांना सोनेरी किंवा कॉपर रंग घरी करू नका असं मी स्पष्ट सांगते. तिथे केस आधी उजळावे लागतात आणि मिनिटांचा फरक डोळ्यांत भरतो.

धुणं, आणि आपला उन्हाळा

धुताना पहिल्यांदा तांब्याभर कोमट पाणी घालून बोटांनी दोन-तीन मिनिटं फेस येईपर्यंत चोळायचं. याने कातडीवरचा रंग सुटतो आणि शेवटचा हात सगळीकडे सारखा फिरतो. मग डोकं खाली करून, मानेकडच्या केसांत बोटं घालून पाणी सोडायचं. पाणी स्वच्छ येईपर्यंत. दुसऱ्या दिवशी मान खाजत असेल तर बहुधा तिथे रंग राहिलाय, परत धुवा. खाजेबरोबर सूज किंवा पाणी येत असेल तर डॉक्टरांकडे जा.

जानेवारीत हे निवांत जमतं. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा दुपारी रंग लावू नका. रंग केसावर सुकला की त्याचं काम थांबतं. डोक्यावरचा पंखा वरचे थर सुकवतो आणि आतले ओले ठेवतो, मग वरच्या आणि आतल्या केसांचा रंग वेगळा दिसतो. सकाळी आठच्या आत सुरू करा, पंखा लांब ठेवा, एकेक भाग झाला की त्यावर पातळ प्लॅस्टिक टाका. रंग "सेट" व्हावा म्हणून काही जणी उन्हात बसतात, तेही नको. ऊन टाळूला लागतं, मुळं पुढे पळतात आणि टोकं सुकून जातात.

बिघडलं तर कसं ओळखायचं

ओल्या केसांवर काही ठरवू नका, ओला केस नेहमी गडद दिसतो. पूर्ण वाळवून, खिडकीच्या उजेडात बघा, आणि वेणी घालून बघा.

मी नवीन होते तेव्हा एका नवरीच्या लांब केसांना मुळांपासून रंग लावला होता. वाळल्यावर डोक्यावर दोन बोटांचा तांबूस पट्टा आणि खाली काळपट ब्राऊन. मला त्याचं कारणही तेव्हा कळलं नव्हतं. असा पट्टा आला तर फक्त त्या पट्ट्यावर, एक नंबर गडद आणि शक्यतो ॲश, म्हणजे राखाडी छटेचा रंग दहा ते पंधरा मिनिटं ठेवायचा, दर पाच मिनिटांनी पुसून बघत. खाली एक थेंब जाऊ द्यायचा नाही.

वेणीत काळे पट्टे आले तर रंग आत पोचलेला नाही. आठवडाभराने तेवढ्याच जागा बारीक थरांनी परत करा, सगळे केस नव्हे.

टोकं काळी पडली तर मात्र उजळ रंग वरून लावून काही होत नाही. रंगावर रंग लावून आधीचा रंग निघत नाही, उलट टोकं आणखी गडद होतात. डीप क्लीन शाम्पूने काही धुण्यांत थोडं उतरतं, नाहीतर दोन इंच कापावे लागतात.

अक्कांचा रंग एकसारखा आला. कानशिलावरचे चार-सहा केस जरा फिके राहिले. पुढच्या वेळी तिथून सुरुवात करायची असं मी वहीत लिहून ठेवलं. पाच-सहा आठवड्यांनी मुळं दिसू लागली तेव्हा त्यांनी विचारलं, "अगं, परत चार ट्यूबा आणायच्या का?" एकच पुरली. फक्त नवीन उगवलेला दीड सेंटीमीटरचा भाग, पांढऱ्यांपासून सुरुवात करून, जुन्या रंगाच्या रेषेवर थांबत. खालचे केस फिके वाटत असतील तर धुण्याआधी पाच मिनिटं थोडा रंग पाण्यात पातळ करून खाली ओढायचा, तोही दर वेळी नाही. दर महिन्याला मुळापासून टोकापर्यंत रंग ओढला, तर वर्षाच्या आत मधला भाग आणि टोकं थरावर थर चढून काळी होतात. अक्कांची वेणी पुढच्या गड्ड्यालाही वरपासून खालपर्यंत एकाच रंगाची होती.